खोट्या फिर्यादीचा धाक आणि अटकपूर्व जामीन



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाला गावात पूर्वी ज्या रीतीने नमविले जाई, त्या रीती आता पुष्कळ ठिकाणी उघडपणे चालविता येत नाहीत. पाणी तोडले, वाट अडविली, किराणा देणे बंद केले, तर कायदा आडवा येतो. म्हणून धाकाचे हत्यार बदलले आहे. ज्याला वाकवायचे त्याच्यावर पोलिस ठाण्यात एक खोटी फिर्याद द्यायची, आणि अटकेच्या भीतीने तो आपोआप वाकेल याची वाट पाहायची, असा हा नवा प्रकार आहे. फिर्याद पुढे न्यायालयात टिकते की नाही, याची ती देणाराला फारशी फिकीर नसते. त्याला हवी असते ती केवळ मधल्या दिवसांतील भीती. आमचे मत असे आहे की, या भीतीवर कायद्याने जो उपाय ठेवला आहे, त्या अटकपूर्व जामिनाचे खरे स्वरूप आपल्या प्रत्येक कुटुंबाला माहीत असले पाहिजे. कारण तो उपाय माहीत नसल्यामुळेच आपली माणसे खऱ्या तक्रारी मागे घेतात.

विषय नीट समजावा म्हणून एक प्रकरण धरून चालू. समजा, मराठवाड्यातील एका गावात एका कुटुंबाने ऑक्टोबरात धम्मदीक्षा घेतली. मार्चमध्ये गावची जत्रा आली. कुटुंबाने वर्गणी दिली नाही आणि हलगी वाजवावयास जाण्याचेही नाकारले. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी चारपाच जण घरी आले, जातीवरून शिवीगाळ केली आणि वडिलांना मारहाण केली. कुटुंबाने त्याच रात्री ठाण्यात जाऊन १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार नोंदविली. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूच्या एकाने फिर्याद दिली की, या घरातील मुलाने बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणून गावाच्या देवांचा अपमान केला आणि आपल्याला ढकलून दिले. आणखी चार दिवसांनी त्याच फिर्यादीने ठाण्यात पुरवणी जबाब दिला की, त्या झटापटीत मुलाने आपल्या गळ्यातील दोन तोळ्यांची सोन्याची साखळी बळजबरीने ओढून नेली. त्यानंतर एका मध्यस्थामार्फत निरोप आला: तुम्ही तुमची केस मागे घ्या, आम्ही आमची घेतो.

या निरोपातच सगळ्या खेळाचे मर्म आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, मुलाला खरोखर अटक होऊ शकते काय, आणि कोणत्या कलमामुळे? पुष्कळ लोक गुन्हा नोंदला हे कळताच मुलाला मामाच्या गावी धाडून देतात. तसे करण्यापूर्वी गुन्ह्याची कलमे पाहावीत. कलमे तीन प्रकारची असतात. काही गुन्हे जामीनपात्र असतात. त्यांत जामीन हा आरोपीचा हक्क असतो आणि पोलिस ठाण्यातूनच तो मिळतो. साधी दुखापत हा असा गुन्हा आहे. दुसरे गुन्हे अजामीनपात्र, परंतु सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे असतात. त्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार यांच्या प्रकरणात बजावले आहे की, अटक का आवश्यक आहे याची कारणे लिहून ठेवल्याशिवाय पोलिसांनी सरसकट अटक करू नये. आरोपीस हजर राहण्याची नोटीस द्यावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये ही नोटीस आहे. नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो त्याला, पोलिसांनी सबळ कारण लिहून ठेवल्याशिवाय, अटक करता येत नाही. तिसरे गुन्हे सात वर्षांहून अधिक शिक्षेचे असतात. त्यांत नोटिशीची ही ढाल नसते.

आता आपले प्रकरण या कसोटीवर लावू. देवांच्या अपमानाचा आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली येतो. हेच पूर्वीचे दंडसंहितेचे कलम २९५ अ होय. त्याला कमाल शिक्षा तीन वर्षे आहे, म्हणून तेथे नोटिशीचा नियम लागू पडतो. शिवाय १९५७ सालीच रामजीलाल मोदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, कोणाच्या भावना दुखावल्या एवढ्याने हे कलम लागत नाही. जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात येतो. स्वतःच्या घरी वा विहारात आपल्या प्रतिज्ञा म्हणणे म्हणजे तसा हेतू नव्हे. परंतु पुरवणी जबाबाने चित्र पालटते. साखळी बळजबरीने ओढून नेली म्हणजे जबरी चोरी, म्हणजे न्याय संहितेचे कलम ३०९, आणि तिची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. चार दिवसांनी साखळी का आठवली, याचे उत्तर येथे सापडते. पहिल्या कलमांनी मुलाला कोठडीत घालणे कठीण होते. साखळीने ते सोपे झाले. ठाण्याच्या भाषेत याला ‘कलम वाढविणे’ म्हणतात, आणि ज्या दिवशी कलम वाढले असे कळेल, त्याच दिवशी अटकपूर्व जामिनासाठी वकिलाकडे गेले पाहिजे.

अटकपूर्व जामीन म्हणजे काय, हे आता सांगतो. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा उपाय नव्हता. वजनदार माणसे आपल्या विरोधकांना खोट्या प्रकरणांत गुंतवून काही दिवस तुरुंगात टाकतात व बदनाम करतात, हे पाहून विधी आयोगाने १९६९ च्या आपल्या ४१ व्या अहवालात अशी तरतूद करण्याची शिफारस केली, आणि १९७३ च्या संहितेत ती कलम ४३८ म्हणून आली. आज तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८२ आहे. म्हणजे हा उपाय मुळातच खोट्या फिर्यादीच्या माणसासाठी निर्माण झाला आहे. तो मागताना कोणी मान खाली घालण्याचे कारण नाही. या आदेशाने गुन्हा रद्द होत नाही आणि तपासही थांबत नाही. आदेशाचा अर्थ एवढाच की, पोलिसांनी या गुन्ह्यात अटक केलीच, तर ठरवून दिलेला जामीन घेऊन त्याच क्षणी सोडून द्यावे. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय हे दोघेच असा आदेश देऊ शकतात. तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यास तो अधिकार नाही. रिवाज असा की, प्रथम सत्र न्यायालयात जावे, आणि तेथे नकार मिळाल्यास उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे.

अर्ज करण्यासाठी गुन्हा नोंदलेला असलाच पाहिजे असे नाही. १९८० साली गुरुबक्षसिंग सिब्बिया यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले आहे की, अटकेची रास्त शंका असेल तर गुन्हा नोंदण्यापूर्वीही अर्ज करता येतो. मात्र नुसती भीती पुरत नाही. भीतीला आधार देणारी वस्तुस्थिती दाखवावी लागते. ‘फलाण्याचा माझ्यावर राग आहे’ असे म्हणून भागत नाही. त्याने कोठे, केव्हा, कोणती धमकी दिली, ठाण्यातून कोणी बोलावणे पाठविले, हे सांगावे लागते. आणि ‘मला कोणत्याही गुन्ह्यात कधीही अटक करू नये’ असा मोघम आदेश मिळत नाही. तो अमुक एका प्रकरणापुरताच असतो. दुसरी फिर्याद आली तर दुसरा अर्ज करावा लागतो.

आपल्या प्रकरणात गुन्हा नोंदलेला आहे. तेव्हा पहिले काम म्हणजे प्रथम खबरीची, म्हणजे एफआयआरची प्रत मिळविणे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे, नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळता, ही प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती कोणत्याही सेतू केंद्रात वा संगणकावर काढता येते. तिच्यावरील तीन गोष्टी बारकाईने पाहाव्यात: घटना केव्हा घडली असे म्हटले आहे, खबर केव्हा दिली, आणि कोणती कलमे लावली. पुरवणी जबाब त्या प्रतीत नसतो. पण साखळीचा उल्लेख मूळ फिर्यादीत नाही, हेच आपल्या अर्जाचे पहिले बलस्थान होय. ज्याच्या गळ्यातील दोन तोळे सोने भरदिवशी ओढले गेले, तो माणूस दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन देवांचा अपमान सांगतो आणि सोने विसरतो, हे न्यायाधीशांना सहज पटणारे नाही.

दुसरे बलस्थान म्हणजे आपली स्वतःची तक्रार. ती आदल्या रात्री नोंदलेली आहे. तिची प्रत आणि वडिलांच्या जखमांचा सरकारी रुग्णालयाचा दाखला अर्जाला जोडला, म्हणजे समोरची फिर्याद ही उत्तरादाखल केलेली आहे, हे तारखा व वेळा यांवरूनच दिसते. यासाठीच आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, मार लागला तर त्याच रात्री ठाण्यात व रुग्णालयात जावे. दुसऱ्या दिवसावर टाकले, तर तीच वेळ समोरच्याच्या कामी येते. तिसरी गोष्ट म्हणजे अर्जदार पळून जाणारा नाही हे दाखविणारे कागद: राहत्या घराचा पुरावा, शिक्षण वा नोकरीचा दाखला. पूर्वीचा एखादा गुन्हा नावावर असेल, किंवा आधी एखादा अर्ज फेटाळला गेला असेल, तर तेही अर्जात स्वच्छ लिहावे. दडविलेली गोष्ट सरकारी वकील सुनावणीत काढतातच, आणि मग खरी बाजूही खोटी वाटू लागते.

वकिलाच्या खर्चाची चिंता पुष्कळांना माघारी नेते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीत किंवा जिल्हा प्राधिकरणात जातीचा दाखला घेऊन अर्ज करावा. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता तुम्हाला हे हक्क नाहीत,’ असे कोणी सांगितले तर ऐकू नये. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने कायम राहिला आहे. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही त्यांना त्यामुळेच आहे.

अर्ज दाखल झाला म्हणजे अटक थांबली, ही समजूत अत्यंत घातक आहे. न्यायालय सरकारी वकिलास नोटीस काढते, पोलिसांचे लेखी म्हणणे मागविते, आणि त्यात काही दिवस जातात. त्या दिवसांत पोलिस अटक करू शकतात, आणि अटक झाली की अटकपूर्व जामिनाचा अर्ज निरर्थक होतो. मग नेहमीच्या जामिनासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी वकिलास ‘अंतरिम संरक्षण मागितले काय?’ असे विचारावे. अंतरिम संरक्षण म्हणजे अंतिम निकाल होईपर्यंत अटक करू नये, असा तात्पुरता आदेश. तो न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून असतो. तो मिळाला, तर त्याची प्रत त्याच दिवशी ठाण्यात देऊन पोच घ्यावी.

सुनावणीत पोलिसांचे म्हणणे बहुधा एकच असते: ‘साखळी हस्तगत करावयाची आहे, म्हणून आरोपी कोठडीत हवा.’ याला उत्तर आहे. सिब्बिया यांच्याच निकालात म्हटले आहे की, अटकपूर्व जामिनावर असलेल्या माणसाने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर ती माहिती पुराव्यात घेण्यास आडकाठी येत नाही. म्हणजे जप्तीसाठी कोठडी हवीच असे नाही. अर्जदार चौकशीस हजर राहील एवढी अट पुरेशी आहे. तरीही हे खरे की, गंभीर दुखापत, शस्त्राचा वापर, किंवा तपासात प्रत्यक्ष सापडलेला पुरावा असेल, तर न्यायालय नकार देऊ शकते. अटकपूर्व जामीन हा मागण्याचा हक्क आहे. मिळणे हे न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. नकार मिळालाच, तर त्याच वेळी वकिलामार्फत विनंती करावी की, उच्च न्यायालयात जाईपर्यंत काही दिवस अंतरिम संरक्षण चालू ठेवावे. ही विनंती पुष्कळदा मान्य होते. पण ती तोंड उघडून करावी लागते.

अर्ज मंजूर झाला, तर आदेशात रक्कम लिहिलेली असते, आणि तेवढ्या रकमेचा जातमुचलका व एक वा दोन जामीनदार मागितलेले असतात. जामीनदाराकडे स्वतःच्या मिळकतीचे कागद, सातबारा वा घराचा उतारा, आणि ओळखपत्र असावे लागते. आपल्या लोकांची अडचण येथेच होते, कारण जमीन थोड्यांकडे असते. म्हणून आदेशाची वाट न पाहता जामीनदार आधीच ठरवून ठेवावा. अटींमध्ये बहुधा असे असते: बोलावतील तेव्हा चौकशीस हजर राहावे, साक्षीदारांस धमकावू वा फूस लावू नये, न्यायालयाच्या परवानगीवाचून देश सोडू नये. कधी ठराविक वारी ठाण्यात हजेरीही लावतात. ती अट लहान वाटली तरी मोडू नये. हजेरीची तारीख व वेळ स्वतःच्या वहीत लिहावी, आणि शक्य तर ठाण्यातील नोंदीखाली सही करावी. ‘आरोपी तपासात सहकार्य करीत नाही’ असे एक वाक्य पोलिसांनी लिहिले, की जामीन रद्द करण्याचा अर्ज येतो. त्या वाक्याला ही वहीच उत्तर देते. मात्र सहकार्य म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे नव्हे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये लिहिले आहे.

हा जामीन किती दिवस टिकतो, असेही विचारले जाते. २०२० साली सुशीला अग्रवाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरविले की, त्याला सर्वसाधारणपणे मुदत घालू नये. न्यायालयाने वेगळे सांगितले नसेल, तर तो खटला संपेपर्यंत चालू राहू शकतो. आदेशानंतर त्याच गुन्ह्यात आणखी जड कलम वाढविले गेले, तर मात्र स्वस्थ बसू नये; तसाच वकिलाकडे जाऊन न्यायालयाच्या नजरेस ती गोष्ट आणावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलाला पळवून लावणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. तो घरी सापडत नाही अशी नोंद होते, वॉरंट निघते, आणि पुढे त्याला फरारी घोषित केले जाते. अशा माणसास अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. मध्यस्थाच्या निरोपाला होकार देणे हा दुसरा वाईट उपाय. अत्याचाराची तक्रार दोघांच्या सह्यांनी मिटणारी नाही, आणि जबरी चोरीचीही नाही. समोरची बाजू ‘आमची मागे घेतो’ म्हणते, तेव्हा जे तिच्या हातात नाही ते ती देऊ करते. आपल्या बाजूने मात्र साक्षीदार फिरतात आणि खरे प्रकरण मरते. अटकपूर्व जामीन या सौद्यातील त्यांचे एकमेव नाणे काढून घेतो. अटकेचा धाक गेला की निरोपात काही उरत नाही. म्हणूनच त्याकडे आरोपीची सुटका एवढ्याच दृष्टीने न पाहता, आपल्या फिर्यादीचे संरक्षण म्हणून पाहावे, असे आमचे मत आहे.

कोणी म्हणेल, अत्याचाराच्या कायद्यातील कलम १८ प्रमाणे समोरच्यांना अटकपूर्व जामीन बंद, आणि तुम्हाला मात्र खुला, हा कसला न्याय? याचे उत्तर टाळू नये. ती बंदी माणसाच्या जातीवर नाही, गुन्ह्याच्या स्वरूपावर आहे. जातीच्या जोरावर ज्याने जुलूम केला, तो मोकळा राहिला तर तक्रारदाराचे तोंड बंद करतो, हे ओळखून ती घातली गेली. आणि २०२० साली पृथ्वीराज चौहान यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले आहे की, तक्रारीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर ती बंदी आड येणार नाही. म्हणजे खोट्यापासून वाचण्याची वाट त्यांनाही आहे. यातून आपल्यावर एक जबाबदारी येते. आपल्या तक्रारीत घडले तेवढेच लिहावे. न घडलेला माणूस वा न उच्चारलेला शब्द त्यात घालू नये. चार दिवसांनी साखळी आठवणारे लोक समोर आहेत. आपली फिर्याद पहिल्या रात्री जशी लिहिली तशीच शेवटपर्यंत उभी राहिली पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये, अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध खोटी व द्वेषमूलक फौजदारी कारवाई करणे हाही अत्याचार मानला आहे. समोरच्याची फिर्याद खोटी ठरली, तर हे कलम आपल्या हाती आहे.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. प्रत्येक विहाराने एक वही ठेवावी. तीत सत्र न्यायालयातील विश्वासू वकिलाचे नाव, तालुका विधी सेवा समितीचा पत्ता, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक, आणि जामीन राहण्यास तयार असलेल्या, मिळकत असलेल्या दोन बांधवांची नावे असावीत. रात्री दाराशी पोलिसांची गाडी येण्याची चाहूल लागेल, तेव्हा कोणाचा सल्ला घ्यावा हे शोधण्यास वेळ नसतो. ते आधीच लिहिलेले असले पाहिजे.

जय भीम.